कर्ता गेला कुणीकडे?

आष्टी हे बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. अशा गावात बसस्थानकापासून बाजारपेठेपर्यंत एक फेरी मारली तरी कितीतरी पाट्या वाचायला मिळतात. सायकलच्या दुकानावर लिहिलेलं असतं, ‘येथे पंक्चर काढून मिळेल’. रिकाम्या गाळ्यावर असतं, ‘दुकान भाड्याने देणे आहे’. एस.टी.त बसलं की डोळ्यांसमोर येतं, ‘खिडकीबाहेर हात काढू नये’. आणि कचेरीच्या फळ्यावर तर हमखास, ‘अर्ज स्वीकारले जातील’.

या चारही वाक्यांत एक गोष्ट सारखी आहे. ओळखलीत का? पंक्चर कोण काढणार? दुकान कोण देणार? हात कोणी काढू नये? अर्ज कोण स्वीकारणार? एकाही वाक्यात करणाऱ्या माणसाचा पत्ता नाही! व्याकरणात ज्याला आपण कर्ता म्हणतो, तो सूचनेतून गायब झालेला आहे.

पण घाबरू नका. कर्ता पळून जात नाही, नुसता लपतो. आणि लपलेला कर्ता बाहेर काढायची एक सोपी युक्ती आहे. वाक्यात त्याला परत बसवायचं आणि त्याला कोणता प्रत्यय लागतो ते बघायचं. चला, करून पाहू.

‘अर्ज स्वीकारले जातील’ हे वाक्य घ्या. यात कार्यालयाला आत आणायचं तर आपण म्हणू, ‘कार्यालयाकडून अर्ज स्वीकारले जातील’. म्हणजे ‘केले जाते’ च्या घरात कर्ता ‘कडून’ लावून येतो. तो आला काय आणि न आला काय, क्रियापदाला त्याचं काहीच वाटत नाही. क्रियापद बघतं ते कर्माकडे. अर्ज स्वीकारला जातो, फी घेतली जाते, पुस्तक दिले जाते, पुस्तके दिली जातात. क्रियापदाचं लिंग आणि वचन कर्माच्या मागून चालतं, म्हणून हा कर्मणी प्रयोग. व्याकरणकार याला ‘नवीन कर्मणी’ असंही म्हणतात, कारण इंग्रजीच्या वळणाने तो आपल्या लिखाणात फार वाढला. घरात आई काही ‘माझ्याकडून भाकरी केली जाते’ असं म्हणत नाही. ती म्हणते, ‘मी भाकरी करते’. पण कार्यालयाला ‘मी’ म्हणता येत नाही. साहेब बदलतात, खुर्ची तीच राहते. म्हणून तिथे ‘केले जाते’ किंवा त्याचा भाऊ ‘करण्यात येते’ सोयीचा पडतो.

आता एस.टी.तली सूचना. ‘प्रवाशांनी खिडकीबाहेर हात काढू नये.’ इथे कर्ता ‘नी’ लावून आला. ‘करावे’ आणि ‘करू नये’ ही आज्ञेची घरं, आणि तिथे कर्त्याला ‘नी’ किंवा ‘ने’ लागतो. ‘मुलांनी अर्ज भरावा’, ‘मुलांनी फी भरावी’. एवढंच नव्हे, ‘वाहने लावू नये’ असं लिहिणारा चुकतो, कारण वाहने अनेक आहेत. ‘वाहने लावू नयेत’ हे बरोबर.

राहिलं ‘करायचे आहे’. या घराला मात्र दोन दारं आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे. ‘विद्यार्थ्यांना अर्ज भरायचा आहे’ आणि ‘विद्यार्थ्यांनी अर्ज भरायचा आहे’. दोन्ही वाक्यं बरोबर. पण अर्थ एकच आहे का? पहिल्यात विद्यार्थ्यांची इच्छा किंवा गरज कळते. त्यांना अर्ज भरायचा आहे, त्यासाठी ते आलेत. दुसऱ्यात त्यांना काम सांगितलं आहे. अर्ज त्यांनीच भरायचा, दुसऱ्या कोणी नाही. फरक केवढा? एका ‘ना’ चा आणि एका ‘नी’ चा! आता कर्ता उडवून टाका. दोन्हींचं मिळून एकच वाक्य उरतं: ‘अर्ज भरायचा आहे’. इच्छा की आज्ञा, हे आता वाक्यावरून कळत नाही.

बऱ्याच वेळा यामुळे काही बिघडत नाही. ‘दुकान भाड्याने देणे आहे’ हे वाचून कोणी वाटसरू स्वतःचं दुकान द्यायला निघत नाही. देणारा मालक, हे गाळ्याकडे बघूनच कळतं. पण कधी कधी बिघडतं. कसं, ते पाहण्यासाठी आपण एक सूचना मनाशी तयार करू.

आष्टी तालुका अवर्षणाच्या पट्ट्यातला. 2019 च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. समजा, अशाच एका उन्हाळ्यात एका गावाच्या पारावर फळा लागला:

‘सोमवारपासून टँकरने पाणी दिले जाईल. त्याआधी सार्वजनिक टाकी स्वच्छ करायची आहे. पाणी वाया घालवू नये. तक्रारींची दखल घेतली जाईल.’

वाचायला किती नीटनेटकं वाटतं, नाही? आता आपली युक्ती लावा. पहिलं वाक्य, ‘कोणाकडून?’ टँकर पाठवणाऱ्या कार्यालयाकडून. हे गावाला माहीत असतं, तेव्हा चाललं. तिसरं वाक्य, ‘कोणी?’ सगळ्यांनी. तेही कळलं. अडचण दुसऱ्या वाक्यात आहे. फळा लिहिणाऱ्याच्या मनात होतं, ‘गावकऱ्यांनी टाकी स्वच्छ करायची आहे’. पारावर बसलेल्या आजोबांनी वाचलं, ‘ग्रामपंचायतीला टाकी स्वच्छ करायची आहे’. त्यांना वाटलं, वा, माणसं येतील आणि करतील. दोघांनीही मराठी बरोबरच वाचली! पण सोमवारी टँकर आला तेव्हा टाकीच्या तळाशी गाळ तसाच. त्यावरच पाणी सोडायचं, की टँकर थांबवून ठेवायचा? एका ‘नी’ वाचून सगळा गाव खोळंबला.

आणि चौथं वाक्य? ‘दखल घेतली जाईल.’ कोणाकडून, कधी, आणि तक्रार द्यायची कोणाकडे? या वाक्यात तर कर्त्याबरोबर दिवसही लपला. टाकीच्या वाक्यात निदान ‘त्याआधी’ होतं.

आता तोच फळा पुन्हा लिहू. ‘सोमवारपासून टँकरने पाणी दिले जाईल. रविवारी सकाळी आठ वाजता प्रत्येक गल्लीतल्या दोघांनी टाकी स्वच्छ करायला यावे. पाणी वाया घालवू नये. तक्रार ग्रामसेवकांकडे लेखी द्यावी. ते दोन दिवसांत उत्तर देतील.’ बघा, पहिलं आणि तिसरं वाक्य आपण बदललंच नाही. ‘दिले जाईल’ तिथे शोभतं, कारण लोकांना पाणी हवं आहे, पाठवणाऱ्याचं नाव नको. बदलली ती दोनच वाक्यं, ज्यांत कोणीतरी काहीतरी करण्यावर पुढचं अवलंबून होतं. म्हणजे ‘केले जाते’ वाईट आणि ‘मी करतो’ चांगलं, असं मुळीच नाही. ज्या कामाची जबाबदारी कोणाची हे विचारावं लागेल, तिथे कर्ता लपवू नये, एवढंच.

ही गोष्ट नुसती व्याकरणाची नाही बरं का. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला अशा ज्या सेवा त्याखाली जाहीर केलेल्या असतात, त्यांच्याबद्दल कार्यालयाने फलकावर लिहायचं असतं: सेवा कोणती, ती किती दिवसांत मिळेल, ती देणारा अधिकारी कोण, आणि वेळेत मिळाली नाही तर अपील कोणाकडे करायचं. म्हणजे नुसतं ‘दाखला दिला जाईल’ म्हणून भागत नाही. ‘कोणाकडून’ आणि ‘कधीपर्यंत’ हेही सांगावं लागतं. लपलेल्या कर्त्याला कायद्यानेच बाहेर काढलं म्हणा ना! शाळेच्या कामासाठी आईबाबांबरोबर तहसील कार्यालयात जाल, तेव्हा हा फलक शोधा.

आता पंक्चरवाल्याकडे वळू, त्याला आपण विसरलो नाही. ‘येथे पंक्चर काढले जाते’ असं तो लिहू शकला असता. पण त्याने लिहिलं ‘काढून मिळेल’. मिळेल कोणाला? तुम्हाला! यात काढणारा लपला, पण गिऱ्हाईक पुढे आलं. झेरॉक्स काढून मिळेल, मसाला दळून मिळेल, शर्ट शिवून मिळेल. पुस्तकी व्याकरण न वाचताही आपल्या दुकानदारांनी किती आपलेपणाची रचना रुळवली आहे!

आणि अशी रचना मराठीला नवीन नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीत ‘केले जाते’ साठी ‘कीजे’ आणि ‘बोलले जाते’ साठी ‘बोलिजे’ अशी सुटसुटीत रूपं होती. ती पुढे मागे पडली. पण त्यातली दोन अजून जिवंत आहेत आणि तुम्ही ती रोज वापरता. एक ‘म्हणजे’, मुळात ‘म्हटले जाते’. दुसरं ‘पाहिजे’, मुळात ‘पाहिले जाते’. जे पाहिलं जातं, ज्याची वाट पाहिली जाते, ते हवं असतं. खोटं वाटतं? मग ही पाटी वाचा: ‘कामगार पाहिजेत’. एक असेल तर ‘पाहिजे’, अनेक असतील तर ‘पाहिजेत’. क्रियापद कामगारांच्या मागून चाललं आहे, मालकाच्या नाही. जुन्या कर्मणीची खूण अजून पुसलेली नाही.

करून पाहा: खालच्या चार सूचनांतला कर्ता शोधा. (1) प्लॉट विकणे आहे. (2) चपला बाहेर काढाव्यात. (3) पात्र विद्यार्थ्यांना गणवेश दिला जाईल. (4) मैदान साफ करायचे आहे.

उत्तरे: (1) मालकाला. (2) येणाऱ्यांनी. (3) शाळेकडून. इथे ‘ना’ पाहून फसलात का? विद्यार्थी गणवेश घेणारे आहेत, देणारे नव्हेत. (4) सांगता येत नाही. ही सूचना लिहिणाऱ्याला जाऊन विचारा, ‘आम्ही की तुम्ही?’ आणि उत्तर मिळालं की तो शब्द फळ्यावर लिहायला लावा.