लॉक आधी, रिबन नंतर

वसई-विरारच्या एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी. पावसाळ्यात इथली हवा दमट असतेच, शिवाय खारीही. अशा हवेत लॅपटॉपचा पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो, तेव्हा रॅम काढून पुन्हा बसवणं हा पहिला उपाय. रॅमच्या सोनेरी टोकांवर बारीक थर साचला की संपर्क सुटू शकतो. मात्र काही जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम कीबोर्डखाली असते, म्हणून आधी कीबोर्डची चपटी रिबन सोडवावी लागते. नुकसान बहुधा तिथेच होतं.

चार्जर काढा, बॅटरीची जोडणी सोडवा, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. मग टॉर्च तिरपा धरून रिबनचं तोंड पाहा. पांढरट कनेक्टरवर बहुतेकदा काळी किंवा तपकिरी पट्टी दिसते. तेच लॉक. दोन्ही टोकांना इवलेसे कान बाहेर आलेले असतील, तर ते सरकणारं लॉक आहे. पट्टी वरून सपाट दिसत असेल, तर ते डब्याच्या झाकणासारखं उचलायचं असतं. बहुतेक चुका हा फरक न ओळखल्याने होतात.

सरकणाऱ्या लॉकचे दोन्ही कान नखाने आळीपाळीने, थोडे थोडे रिबनच्या दिशेने ढकलायचे. एक-दोन मिलिमीटर सरकलं की ते थांबतं. ते बाहेर काढायचं नसतं. एकच कान ढकलला तर पट्टी तिरकी होते आणि कान तुटतो. झाकणाच्या लॉकमध्ये बिजागरी कुठल्या कडेला आहे ते आधी पाहून समोरची कड प्लास्टिकच्या पातळ पात्याने उचलायची. लॉक खरंच उघडलं असेल, तर रिबन जवळजवळ जोर न लावता सुटते. अडत असेल तर ओढू नका, लॉक पुन्हा तपासा. रिबन टोकाच्या जाड भागाला धरून बोर्डाला समांतर ओढायची.

कीबोर्ड बाजूला ठेवून रॅमच्या बाजूंचे धातूचे चिमटे दोन्ही अंगठ्यांनी एकाच वेळी बाहेर ढकला. ते किंचितच हलतात. मॉड्यूल स्प्रिंगने तिरपं वर येतं. त्याच कोनात कडांना धरून ते बाहेर काढायचं. टोकं खोडरबरने घासू नयेत, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. बसवताना खाच जुळवून तिरपंच आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही चिमटे टक् करून बसले पाहिजेत.

लॉकचा कान तुटलाच, पण पट्टी जागेवर असेल, तर ती सावकाश आत सरकवून रिबन धरते का पाहा. पट्टी हरवली असेल, तर दुरुस्तीवाला कधी रिबनच्या जाड टोकाच्या मागे कॅप्टॉन टेपचा थर देऊन तात्पुरती पकड मिळवतो. कायमचा उपाय म्हणजे गरम हवेच्या मशीनने कनेक्टरच बदलणं, आणि ते घरचं काम नाही.