कर लागत नाही, मग पैसे का कापले?

मैत्रिणींनो, आमच्या गल्लीतल्या एक काकू परवा पासबुक घेऊन आल्या. वय अडुसष्ट. काका गेल्यावर त्यांना महिना १८ हजार कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. काकांच्या फंडातले १५ लाख त्यांनी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत. दर तीन महिन्यांनी ३०,७५० रुपये व्याज यायला हवं, पण २०२५-२६ मध्ये जमा झाले २७,६७५. "अगं, मला कर लागत नाही असं सगळे म्हणतात, मग हे कापले कुणी?" काकूंचा प्रश्न रास्त होता.

आपला घोळ इथेच होतो. कर लागणं वेगळं आणि कर कापला जाणं वेगळं. आपलं एकूण उत्पन्न किती, हे पोस्टाला किंवा बँकेला ठाऊक नसतं. साठी पूर्ण झालेल्या व्यक्तीचं त्यांच्याकडचं वर्षाचं व्याज एक लाखावर गेलं, की ते १० टक्के कापून सरकारात भरतात. हाच 'टीडीएस'. ही मर्यादा आधी ५० हजार होती, ती १ एप्रिल २०२५ पासून एक लाख झाली. काकूंचं पोस्टातलं व्याज वर्षाला १,२३,००० होतं, म्हणून १२,३०० कापले गेले. बँकेतल्या ठेवींचं व्याज ४० हजारच, तिथे काही कापलं नाही.

आता खरा हिशेब मांडू. वर्षाचं निवृत्तिवेतन २,१६,०००. नवीन करपद्धतीत कुटुंब निवृत्तिवेतनातून एक तृतीयांश किंवा २५ हजार, यांतली कमी असेल ती रक्कम वजा होते. उरले १,९१,०००. त्यात व्याजाचे १,६३,००० मिळवले, की ३,५४,०००. नवीन पद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे काकूंना एक रुपयाही कर नाही!

पूर्वीची पद्धत निवडली, तर ज्येष्ठांना तीन लाख आणि ऐंशी पूर्ण झालेल्यांना पाच लाखांपर्यंत कर नाही. व्याजावरची ५० हजारांची खास सूटही त्याच पद्धतीत मिळते. नवीन पद्धतीत वयाची वेगळी सवलत नाही, पण पेन्शन आणि व्याजाचं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. मात्र उत्पन्न चार लाखांवर गेलं, तर कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावंच लागतं.

मग काकूंचं चुकलं कुठे? आपल्याला कर लागणार नाही, असं लिहून देणारा '१५ एच' फॉर्म त्यांनी पोस्टात दिलाच नव्हता. हा फॉर्म दर वर्षी एप्रिलमध्येच द्यायचा असतो, आणि जिथे जिथे ठेव आहे तिथे तिथे वेगळा. एका बँकेत दिला म्हणून दुसरीला कळत नाही. त्यावर पॅन हवाच, नाहीतर फॉर्म बाद होतो आणि २० टक्के कापले जातात. शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात फॉर्मचा क्रमांक बदललाय. म्हणून खिडकीवर नुसता नंबर सांगू नका, "ज्येष्ठ नागरिकांचा कर न कापण्याचा फॉर्म द्या," असं म्हणा.

उशिरा फॉर्म दिला तर पुढची कपात थांबते, पण आधी कापलेले पैसे पोस्ट परत देत नाही. ते विवरणपत्र भरूनच मिळतात. उत्पन्न कमी म्हणून काकू ते भरतच नव्हत्या. आयकर खात्याच्या साइटवर पॅन टाकून उघडलं, तर '२६ एएस' या पत्रकात १२,३०० दिसत होते. आपल्या नावाने पैसे जमा आहेत की नाही, हे तिथे आधी पाहावं. दिसत नसतील तर बहुतेक पॅनचा घोळ असतो, तो पोस्टातच निस्तरावा लागतो.

विवरणपत्राचा साधा फॉर्म 'सहज'. त्यात एक जागा नीट सांभाळा. स्वतःच्या नोकरीची पेन्शन 'पगार' या सदरात जाते आणि नवीन पद्धतीत ७५ हजार वजा होतात. नवऱ्यामागे मिळणारी पेन्शन मात्र 'इतर उत्पन्ना'त लिहायची, तिला ७५ हजारांची वजावट नाही. शेवटी परतावा जमा होण्यासाठी बँक खातं तपासून द्यायचं आणि तीस दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी करायची. ती राहिली, तर भरलेलं विवरणपत्र न भरल्यासारखंच. २०२५-२६ साठी ठरलेली मुदत ३१ जुलै २०२६.

आम्ही काकूंचा फॉर्म भरला. ओटीपी आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बारा हजार म्हणजे माझं वर्षाचं औषध गं!" तुमच्याही घरात सासूबाईंचं, आईचं पासबुक असेलच. ठरलेल्या व्याजापेक्षा कमी रक्कम जमा झालीय का, एवढं आज उघडून बघा.