पाणी आहे, पण मोकळं नाही

पाव आणि खारवून सुकवलेला बांगडा, या दोहोंत पाणी जास्त कशात असेल? कुणालाही विचारलं तर उत्तर येईल, पावात. प्रत्यक्षात दोन्हींत पाणी जवळपास सारखंच असतं, शंभर ग्रॅममागे साधारण 35 ते 40 ग्रॅम. तरीही पावावर चार दिवसांत बुरशी धरते आणि बांगडा मात्र उन्हाळ्यात भरला तर महिनोन्‌महिने टिकतो. वास्तविक बांगड्यात प्रथिनं भरपूर, म्हणजे जीवाणूंना मेजवानीच. मध आणि गूळ यांत तर साखरच साखर. मग समोर ताट वाढलेलं असताना हे जीव उपाशी का राहतात?

याचं उत्तर पदार्थात पाणी किती आहे यात नाही, त्यातलं पाणी किती मोकळं आहे यात आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळानं त्यांना पाणी सुटतं. फोडीच्या आतलं पाणी बाहेरच्या मिठाकडे ओढलं जातं. मिठाचे कण पाण्यात विरघळले की ते आपल्याभोवती पाण्याचे रेणू धरून ठेवतात. साखरही तेच करते. आता फोडीच्या जागी जीवाणू आहे अशी कल्पना करा. त्याचं शरीर म्हणजे पातळ पडद्याची एक पेशी. खाऱ्या बांगड्यावर किंवा मधात तो पडला की त्याच्याच अंगातलं पाणी बाहेर जाऊ लागतं. तो सुकतो आणि त्याची वाढ थांबते. भोवती पाणी असतं, पण त्याला ते पिता येत नाही.

या मोकळेपणाचं माप शास्त्रज्ञांनी ठरवलं आहे. त्याला ‘वॉटर ॲक्टिव्हिटी’ म्हणतात. आपण त्याला पाण्याची क्रियाशीलता म्हणू. शुद्ध पाण्याची क्रियाशीलता 1 आणि पूर्ण कोरड्या वस्तूची 0. ती मोजण्याची कल्पना सोपी आहे. पदार्थ एका घट्ट झाकणाच्या लहान डबीत ठेवायचा आणि आतल्या हवेत किती दमटपणा येतो ते पाहायचं. आतली हवा 75 टक्के दमट होऊन स्थिरावली, तर त्या पदार्थाची क्रियाशीलता 0.75. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी 1953 मध्ये दाखवून दिलं, की जीवाणूची वाढ पदार्थातल्या एकूण पाण्यावर नव्हे, तर या आकड्यावर ठरते. नासवणारे बहुतेक जीवाणू 0.91 च्या खाली वाढत नाहीत. विषबाधा करणाऱ्यांत सर्वांत चिवट असलेला स्टॅफिलोकोकस 0.85 च्या आसपास हात टेकतो. बुरशी आणि यीस्ट अधिक काटक. त्यांच्यातले काही थेट 0.61 पर्यंत तग धरतात. त्याखाली मात्र कुणाचंच काही चालत नाही.

आता बांगड्याकडे वळू. ताज्या मासळीची क्रियाशीलता 0.98 च्या वर असते. बांगडा चिरून, आतडी काढून, स्वच्छ धुऊन त्याला मीठ चोळतात. तीन-चार किलो मासळीला एक किलो मीठ असं जुनं प्रमाण आहे. थरावर थर रचून ठेवले की एक-दोन दिवसांत मासळीला पाणी सुटतं. ते काढून टाकून बांगडे उन्हात वाळवतात. आत जे पाणी उरतं ते मिठानं तुडुंब भरलेलं असतं, आणि अशा पाण्याची क्रियाशीलता 0.75 असते. म्हणजे पावाइतकं पाणी असूनही बांगडा सुरक्षित रेषेच्या खाली येतो, आणि पाव 0.95 वरच राहतो. बोंबलाची वाट वेगळी. तो मिठाशिवाय बांबूच्या मांडवावर टांगून वाळवतात, म्हणून त्याच्यातलं पाणीच जवळजवळ घालवावं लागतं. बांगड्यात पाणी बांधलं जातं, बोंबलातून ते हाकललं जातं. फळ एकच.

मधाचं कौतुक वेगळ्या कारणासाठी. आपण घरी साखरेचा पाक करतो तेव्हा पाण्यात विरघळेल तितकी साखर घातली, तरी थंड झालेल्या पाकाची क्रियाशीलता 0.85 च्या आसपासच राहते. यीस्टला ती पुरते. मधमाशी मात्र फुलांच्या रसातली साखर फोडून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते. एका रेणूचे दोन झाले की पाणी धरणारे हातही दुप्पट होतात. त्यात फ्रुक्टोज पाण्यात फार विरघळतं. पंख्यांसारखे पंख हलवून माश्या पाणी उडवतात आणि ते 18 टक्क्यांच्या आसपास आलं की पोळ्याचं घर मेणानं बंद करतात. असा पिकलेला मध 0.60 च्या जवळ असतो. पाणी 20 टक्क्यांच्या वर राहिलेला, घाईनं काढलेला मध मात्र आंबतो. फेस आणि आंबट वास ही त्याची खूण. गुळातही थोडी फुटलेली साखर असतेच, आणि तीच पावसाळ्यात घात करते.

कारण हा हिशेब दोन्ही बाजूंनी चालतो. दमट हवा पदार्थाला पाणी देते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला दमटपणा अनेकदा 85-90 टक्के असतो. उघडी ठेवलेली सुकट तितकंच पाणी ओढून घेते, मऊ पडते आणि तिच्यावर बुरशी येते. गुळाची ढेप पाझरते. मधात ओला चमचा घातला की त्या जागी पातळ थर तयार होतो आणि यीस्टला दार उघडतं. म्हणून मासळी कडक वाळल्यावर, थंड करून, घट्ट डब्यात भरायची. गरम भरली तर वाफ झाकणाला धरते आणि पाणी परत खाली पडतं. खाऱ्या मासळीवर लालसर-गुलाबी चिकट थर दिसला, तर ते मिठातच वाढणारे जीव आहेत असं समजावं. तो बांगडा खायचा नाही.

दोन मर्यादा मात्र जरूर लक्षात ठेवल्या पाहिजेत. कोरडेपणा वाढ थांबवतो, पण झालेलं नुकसान भरून काढत नाही. बांगडा मिठात जाण्यापूर्वीच उन्हात तासन्‌तास पडून राहिला, तर त्यात हिस्टामिन तयार होतं. ते वाळवल्यानं जात नाही आणि तळल्यानंही जात नाही. जेवणानंतर थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, खाज, डोकेदुखी ही त्याची लक्षणं. म्हणूनच मासळी ताजी असताना खारवणं महत्त्वाचं.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. मधात जीवाणू वाढत नाहीत, पण काहींची बीजं, म्हणजे स्पोअर, त्यात झोपलेली राहतात. बोटुलिझम घडवणाऱ्या जीवाणूचे स्पोअर मधात सापडू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती जागी होत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात होऊ शकतात. मग बाळ मलूल होतं, त्याला शी होत नाही, ते दूध ओढत नाही, मान टाकतं, आणि श्वासही धोक्यात येऊ शकतो. आपल्याकडे अनेक घरांत नवजात बाळाला मधाचं बोट चाटवण्याची रीत आहे. त्यामागचा जिव्हाळा खरा, पण एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये. मध उकळून किंवा घुटीत मिसळूनही नाही, कारण घरगुती उकळीला ही बीजं दाद देत नाहीत. बरणीत जे झोपलेलं असतं ते मेलेलं नसतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.