गच्चीचं हमीपत्र ड्राइव्हमध्ये कसं शोधायचं?

पुण्या-ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या गृहनिर्माण सोसायटीत घडेल असा एक प्रसंग घेऊ. पावसाळ्यात सर्वांत वरच्या मजल्यावर ओल उतरते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग २०१८ साली झालेलं असतं आणि कंत्राटदाराने तेव्हा दहा वर्षांची लेखी हमी दिलेली असते, एवढं सगळ्यांना आठवतं. कंत्राटदार म्हणतो, कागद दाखवा. कागद सोसायटीच्या गूगल ड्राइव्हमध्ये आहे, पण दरम्यान तीन सेक्रेटरी बदलले. ड्राइव्हमध्ये आता हजारो फायली आहेत: देखभालीच्या पावत्या, सभांची इतिवृत्तं, लेखापरीक्षकाची पत्रं, कुणीतरी चढवलेले गणपतीचे फोटो. फोल्डरांची नावं 'New Folder', 'Final' आणि 'Final 2'.

अशा वेळी समितीतला उत्साही माणूस एकेक फोल्डर उघडत बसतो. त्यात रविवार जातो आणि कागद मिळतोच असं नाही. शोधपट्टीत नुसतं 'गच्ची' टाइप केलं तर उलटी अडचण होते. गच्चीवर वाळवण घालू नये ही सूचना, गच्चीच्या चाव्यांची यादी, गच्चीवरच्या टाकीची पावती, असा सगळा ढीग समोर येतो. म्हणून टाइप करण्याआधी आपल्याला कागदाबद्दल खात्रीने काय ठाऊक आहे, ते ठरवावं. इथे तीन गोष्टी ठाऊक आहेत. हमीपत्र बहुधा पीडीएफ असणार, ते २०१८च्या सुमाराचं आहे आणि ते तेव्हाच्या सेक्रेटरींनी चढवलेलं असणार. या तिन्ही गोष्टी शब्दासोबत शोधपट्टीत लिहिता येतात:

```
गच्ची type:pdf owner:juna.secretary@example.com after:2017-12-31 before:2019-04-01
```

`type:` म्हणजे फाइलचा प्रकार. त्यापुढे `pdf`, `image`, `document`, `spreadsheet`, `folder` असं लिहायचं. `owner:` पुढे मालकाचा ईमेल पत्ता येतो. तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि मधे आडवी रेघ देऊन लिहायची. विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनंतर जागा सोडायची नाही. हे सगळं पाठ करायला नको. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या खुणेवर टिचकी मारली की हेच रकाने भरायला मिळतात. तरीही हाताने लिहिण्यात एक फायदा आहे. एखादी अट खोडून पुन्हा शोधणं क्षणाचं काम होतं, आणि शोधाचं खरं कौशल्य अटी एकेक करून सैल करण्यातच आहे.

सर्वांत आधी सैल करावी ती तारीख, कारण माणसं सर्वांत जास्त फसतात ती तिथेच. `after:` आणि `before:` फाइल शेवटची कधी बदलली ते पाहतात. कागदावर छापलेल्या तारखेशी त्यांचा काही संबंध नाही. २०१८चं हमीपत्र कुणी टाळेबंदीच्या दिवसांत घरी बसून स्कॅन केलं असेल, तर ड्राइव्हच्या लेखी ते २०२०चं. वर्डमधल्या इतिवृत्तात कुणी गेल्या महिन्यात एक चूक दुरुस्त केली असेल, तर ती फाइल गेल्या महिन्याची. म्हणून तारखेची अट ठेवायचीच असेल तर दोन्ही बाजूंना ऐसपैस ठेवावी, आणि निकाल रिकामा आला की ती पहिल्यांदा काढून टाकावी.

प्रकाराची अटही अधूनमधून दगा देते. हमीपत्र स्कॅन न करता मोबाइलवर फोटो काढून चढवलं असेल, तर ते पीडीएफ नाही, चित्र आहे. मग `type:image` लिहून पुन्हा पाहायचं. छायाचित्रातली छापील अक्षरंही ड्राइव्ह वाचून ठेवतं, त्यामुळे शब्दाने फोटोही सापडू शकतो. हस्ताक्षराच्या बाबतीत मात्र फार आशा धरू नये.

या तिघांत सर्वांत भरवशाचा मालक. ड्राइव्हमध्ये जो फाइल चढवतो तो तिचा मालक होतो. ती सोसायटीच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली तरी मालकी बदलत नाही. आपण फक्त पाहणारे किंवा बदल करणारे राहतो. त्यामुळे `owner:` लिहिताना सोसायटीचा पत्ता देऊन भागत नाही. त्या काळच्या सेक्रेटरींचा खासगी पत्ताही देऊन पाहावा लागतो, कारण बहुतेकांनी घरच्या खात्यातूनच काम केलेलं असतं. कुणाचाच पत्ता आठवत नसेल तर `-owner:me` लिहावं. वजाचं चिन्ह म्हणजे 'हे सोडून', त्यामुळे आपल्या स्वतःच्या फायली बाजूला होऊन इतरांच्या उरतात. एक अपवाद आहे. कार्यालयांच्या सशुल्क खात्यांत 'Shared drives' नावाची सोय असते. तिथल्या फायली संस्थेच्या मालकीच्या असतात, व्यक्तीच्या नाही. त्या `owner:` लिहून शोधण्यात अर्थ नाही.

आता मजकुराकडे येऊ. ड्राइव्ह फाइलच्या नावाबरोबर आतला मजकूरही शोधतं, हे खरं. पण कसा जुळवतं, ते मराठी लिहिणाऱ्याने समजून घ्यायलाच हवं. गूगलने प्रोग्रामरांसाठी दिलेल्या माहितीत नियम असा आहे: आतल्या मजकुरात पूर्ण शब्द जुळावा लागतो आणि नावात शब्दाची सुरुवात जुळावी लागते. म्हणजे `SocietyMinutes2018` अशा सलग नावाची फाइल 'Society' लिहून मिळेल, पण नुसत्या 'Minutes'वर हात हलवत परत यावं लागेल. नावात शब्दांमधे जागा सोडली की हा प्रश्न सुटतो.

मराठीत ही अडचण आणखी वाढते, कारण आपले शब्द विभक्तीने सतत रूप बदलतात. हमीपत्रात 'गच्चीचे जलरोधक काम' किंवा 'गच्चीवरील गळती' असं लिहिलेलं असेल आणि सुटा 'गच्ची' शब्द कुठेच नसेल, तर आपला शोध त्या कागदाला ओलांडून पुढे जाऊ शकतो. म्हणून 'गच्चीचे', 'गच्चीवरील', मग 'टेरेस', मग रोमन लिपीत 'terrace' अशी रूपं बदलून पाहावीत. वर्षाचे आकडेही नागरी आणि इंग्रजी दोन्ही वळणांत द्यावेत. सर्वांत बरा उपाय म्हणजे रूप न बदलणारं विशेषनाम पकडायचं: कंत्राटदाराच्या फर्मचं नाव, त्याचा नोंदणी क्रमांक, वापरलेल्या रसायनाचं व्यापारी नाव. दोन शब्द लागून हवे असतील तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावेत.

एवढं करूनही काही मिळत नाही, असं मराठी कागदांच्या बाबतीत पुष्कळदा होतं, आणि त्यात शोधणाऱ्याचा दोष नसतो. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी, आणि डीटीपीवाल्यांकडे त्यानंतरही बरीच वर्षं, मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटांत टाइप होत असे. त्या फाँटांत पडद्यावर 'ग' दिसला तरी फाइलच्या पोटात एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं, आणि फाँट त्याला फक्त 'ग'चा आकार देतो. वर्डची अशी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की भलतीच चिन्हं दिसतात, म्हणून निदान संशय तरी येतो. पीडीएफमध्ये फाँट आतच बांधलेला असल्यामुळे ती झकास मराठी दिसते. माणूस वाचतो 'हमीपत्र' आणि ड्राइव्ह वाचतं निरर्थक चिन्हांची रांग. 'हमीपत्र' शोधून ती फाइल कधीही येणार नाही.

हे ओळखायची रीत सोपी आहे. पीडीएफ उघडून एक ओळ निवडा, कॉपी करा आणि शोधपट्टीत चिकटवा. मराठीच उमटलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. चिन्हांचा कचरा उमटला तर फाँट जुना आहे. आणि ओळ निवडताच येत नसेल, तर ती पीडीएफ म्हणजे नुसतं पानाचं चित्र आहे. चित्रातली अक्षरं ड्राइव्ह ओळखून घेतं, पण त्याला मर्यादा आहे. गूगलच्या मदतपानावर ती अशी दिलेली आहे: मजकूर असलेल्या पीडीएफची पहिली १०० पानं आणि चित्ररूप पीडीएफची पहिली १० पानं. वर्षभराची कागदपत्रं एकाच गठ्ठ्यात स्कॅन केली असतील आणि हमीपत्र चाळिसाव्या पानावर असेल, तर त्यातल्या शब्दांनी ते हाती लागणार नाही. असा गठ्ठा फोडून प्रत्येक कागदाची वेगळी फाइल करणं हाच इलाज. पासवर्ड घातलेली पीडीएफ किंवा झिपमध्ये बांधलेली फाइल असेल, तरी आतल्या मजकुराचा शोध तिथेच थांबतो.

जुन्या फाँटाच्या कागदासाठी पानाचा स्वच्छ फोटो घ्यावा, तो ड्राइव्हवर चढवावा, त्यावर उजवी टिचकी देऊन 'Open with' आणि मग 'Google Docs' निवडावं. अक्षरं ओळखून नवा दस्तऐवज तयार होतो. जोडाक्षरांत चुका राहतात, पण शोधापुरतं ते चालून जातं. या नव्या दस्तऐवजाचे मालक तुम्ही आणि तारीख आजची, हे पुढच्या शोधात लक्षात ठेवा. शंभर जुन्या फायलींवर ही मेहनत करण्यापेक्षा हमीपत्रं, करार आणि ठराव एवढ्यांचीच नावं युनिकोड मराठीत नीट बदलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. 'गच्ची वॉटरप्रूफिंग हमीपत्र 2018' असं नाव दिलं की आतला फाँट कोणताही असो, फाइल मिळते.

तरीही काहीच येत नसेल तर दोन जागा उरतात. एक, `is:unorganized owner:me` लिहून पाहा. ज्या फोल्डरात आपली फाइल होती तो फोल्डर दुसऱ्याने काढून टाकला असेल, तर ती फाइल अशी बेवारस पडून असते. दोन, `is:trashed`. साधा शोध कचरापेटीत डोकावत नाही. पण इथे पुन्हा मालकाचा प्रश्न येतो, कारण तुम्हाला दिसते ती तुमची कचरापेटी. जुन्या सेक्रेटरींनी घरचं खातं साफ करताना हमीपत्र काढून टाकलं असेल, तर ते त्यांच्या पेटीत आहे आणि तिथून ३० दिवसांनी ते कायमचं जातं. त्यांनी खातंच बंद केलं, तर त्यांच्या मालकीच्या सगळ्या फायली त्याबरोबर जातात. तेव्हा समिती बदलताना चाव्या आणि शिक्के घेता, त्याच बैठकीत ड्राइव्हमधल्या फायलींची मालकीही सोसायटीच्या खात्यावर लिहून घ्या. मावळत्या सेक्रेटरींनी ती देऊ केल्यावर सोसायटीच्या खात्यातून ती स्वीकारावी लागते. स्वीकारायच्या राहिलेल्या फायली `pendingowner:me` लिहिलं की समोर येतात.