शब्द तोच, शेजारी वेगळा

इटालियनमधली ही दोन वाक्यं पाहा: 'स्वोना इल प्यानो' आणि 'स्वोना प्यानो'. दोन्हींत फरक आहे तो फक्त मधल्या 'इल'चा. पहिल्याचा अर्थ 'ती पियानो वाजवते'. दुसऱ्याचा अर्थ 'ती हळू वाजवते', मग हातात व्हायोलिन असो नाहीतर बासरी. दोन्ही अर्थ एकाच वाक्यात घालायचे तर 'स्वोना इल प्यानो प्यानो' म्हणायचं, म्हणजे 'ती पियानो हळुवार वाजवते'. नवख्याला हे कोडं वाटतं. इटालियन माणसाला यात काही विशेष आहे हे सांगावं लागतं.

मराठीत आपण 'पियानो' म्हणतो, तो उच्चार इटालियन तोंडात 'प्यानो'च्या जवळ जातो. वाद्याचं हे नाव म्हणजे एका लांब नावाचा उरलेला तुकडा आहे. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७००च्या सुमारास एक नवं वाद्य बनवलं. आधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, त्यामुळे बोट हळू टेकवा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच यायचा. क्रिस्तोफोरीच्या वाद्यात छोटी हातोडी तारेवर पडायची आणि बोटाच्या जोराप्रमाणे स्वर लहानमोठा व्हायचा. म्हणून ते 'प्यानो ए फोर्ते', म्हणजे हळू आणि जोरात वाजणारं वाद्य. पुढे 'फोर्ते' गळालं. त्याचा १७२० सालचा एक पियानो आजही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

पण 'प्यानो'चं काम तेवढ्यावर संपत नाही. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'सपाट' या अर्थाचा शब्द आहे. त्यामुळे उथळ ताटली 'प्यानो' असते, भूमितीतलं प्रतल 'प्यानो' असतं, इमारतीचा मजला 'प्यानो' असतो. शिवाय योजना, आराखडा यालाही 'प्यानो'च म्हणतात. मग ऐकणाऱ्याने यातला नेमका कुठला अर्थ उचलायचा?

१९४९ साली वॉरन वीव्हर या अमेरिकन गणितज्ञाने यंत्राकडून भाषांतर कसं करून घेता येईल यावर एक टिपण लिहिलं. त्यात त्याने सुचवलेली कल्पना साधी आहे. पुस्तकाच्या पानावर जाड कागद ठेवा आणि त्याला एवढीच फट पाडा की एका वेळी एकच शब्द दिसेल. अनेकार्थी शब्दाचा अर्थ तेव्हा कळणार नाही. आता फट दोन्ही बाजूंना थोडी थोडी रुंदावत न्या. केव्हा ना केव्हा अर्थ स्पष्ट होईल. प्रश्न एवढाच, की फट किती रुंद हवी? इटालियनपुरतं उत्तर आश्वासक आहे. पुष्कळदा शेजारचा एक शब्द पुरतो, कधीकधी तर शब्दाचं शेवटचं अक्षरच पुरतं.

प्यानो: डावीकडे पाहा

'प्यानो'च्या बाबतीत आधी डावीकडे नजर टाकावी. 'आल तेर्त्सो प्यानो' यात 'तिसरा' हा क्रम आहे आणि 'आल' हे स्थळ दाखवणारं अव्यय आहे, म्हणजे हा मजला. (त्यांचीही गणती आपल्यासारखीच: तळमजला वेगळा, त्याच्या वरचा पहिला.) डावीकडे थेट क्रियापद असलं आणि मध्ये 'इल' किंवा 'उन' काहीच नसलं, तर 'प्यानो' बहुतेक क्रियाविशेषण असतं: 'वाय प्यानो', हळू चालव.

हे अव्यय किती महत्त्वाचं आहे ते 'प्रीमो प्यानो' या जोडीत दिसतं. 'आल प्रीमो प्यानो' म्हणजे पहिल्या मजल्यावर. 'इन प्रीमो प्यानो' म्हणजे चित्रात किंवा छायाचित्रात अगदी पुढे, ठळकपणे. सिनेमावाल्यांच्या भाषेत 'प्रीमो प्यानो' म्हणजे क्लोजअप. 'आल'च्या जागी 'इन' आलं की इमारतीतून थेट पडद्यावर.

एका ठिकाणी मात्र शेजारी शब्दही दगा देतो. इटलीत गेलेला नवखा माणूस समोरच्याचं भराभर बोलणं ऐकून गोंधळतो आणि विनंती करतो, 'पार्ला प्यू प्यानो'. त्याला म्हणायचं असतं, जरा सावकाश बोला. पण 'पार्लारे प्यानो'चा अर्थ हळू आवाजात बोलणं असाही होतो. मग समोरचा सौजन्याने आवाज खाली आणतो आणि तितक्याच वेगाने बोलत राहतो. आपल्या 'हळू बोल'मध्येही हीच दोन्ही वळणं आहेत, त्यामुळे मराठी माणूस या खड्ड्यात सहज पडतो. वेग कमी करून हवा असेल तर 'लेन्तामेन्ते' म्हणावं, म्हणजे घोळ होत नाही.

प्रोंतो: शेवट पाहा

'प्रोंतो'चा मूळ अर्थ तयार. इटालियनमध्ये या विशेषणाचा शेवट नामाप्रमाणे बदलतो: पुरुष 'प्रोंतो', स्त्री 'प्रोंता', अनेकजण 'प्रोंती', अनेक स्त्रिया 'प्रोंते'. 'ला चेना ए प्रोंता', म्हणजे जेवण तयार आहे. इथे 'चेना' हे नाम स्त्रीलिंगी आहे.

फोन उचलल्यावर इटालियन माणूस जे 'प्रोंतो' म्हणतो, ते मात्र कधी बदलत नाही. बाई बोलत असली तरी 'प्रोंतो'च, 'प्रोंता' नाही. तिथे त्याचं विशेषणपण संपलेलं आहे. ते आपल्या 'हॅलो'सारखं उद्गारवाचक झालेलं आहे. म्हणजे बाईच्या तोंडी 'प्रोंतो' आलं तर ती फोनवर आहे, आणि 'सोनो प्रोंता' आलं तर ती बाहेर पडायला तयार आहे.

तिसरा अर्थ जागेवरून कळतो. हे विशेषण नामाच्या आधी बसलं की बहुधा तत्परता सूचित करतं: आजाऱ्याला लिहितात 'प्रोंता ग्वारिज्योने', लवकर बरे व्हा. हॉस्पिटलबाहेरच्या पाटीवर 'प्रोंतो सोक्कोर्सो' दिसलं तर तो तातडीच्या उपचारांचा विभाग. ज्यांनी आधी स्पॅनिश शिकलेलं असतं, ते इथे फसतात. स्पॅनिशमध्ये 'प्रोंतो' म्हणजे लवकरच. इटालियनमध्ये 'लवकर येतो' म्हणायला 'प्रेस्तो' हवं आणि 'लगेच'साठी 'सूबितो'.

कोल्पो: उजवीकडे पाहा

'कोल्पो' म्हणजे तडाखा, ठोसा, बंदुकीचा बार. हा शब्द एकटा क्वचितच येतो, आणि त्याचा अर्थ बहुधा उजवीकडच्या शब्दात लपलेला असतो. मराठीतल्या 'घात'सारखं त्याचं आहे: उष्माघात, पक्षाघात, अपघात, विश्वासघात यांत धक्का तोच, पण कसला ते दुसरा शब्द सांगतो. 'कोल्पो दि स्तातो' म्हणजे सत्तापालट. 'कोल्पो दि फुल्मिने', शब्दशः विजेचा तडाखा, म्हणजे पहिल्याच नजरेत जडलेलं प्रेम. 'कोल्पो दि शेना' म्हणजे नाटकातली अनपेक्षित कलाटणी. 'कोल्पो दि सोन्नो' म्हणजे गाडी चालवताना अचानक लागलेली डुलकी.

यात वचन बदललं तरी चित्र पालटतं. 'कोल्पो दि सोले' म्हणजे ऊन बाधणं. त्याचंच अनेकवचन 'कोल्पी दि सोले' केशकर्तनालयात ऐकू आलं, तर त्या केसांना दिलेल्या फिकट रंगाच्या बटा. सोबतची क्रियापदंही वेगळी असतात: ऊन 'घेतलं' जातं, बटा 'करून घेतल्या' जातात.

उजवीकडे काहीच नसेल तर पुन्हा डावीकडे वळावं. 'दि कोल्पो' म्हणजे अचानक, 'सुल कोल्पो' म्हणजे जागच्या जागी. अपघाताच्या बातमीत कुणी 'सुल कोल्पो' मरण पावला असेल, तर त्याला दवाखान्यात नेण्याइतकाही वेळ मिळाला नाही. 'फारे कोल्पो' यात मध्ये 'इल' किंवा 'उन' नसेल तर अर्थ छाप पाडणं. मध्ये 'इल' आलं की तो दरोडा ठरू शकतो. १९६९ सालचा 'द इटालियन जॉब' हा सोन्याच्या लुटीचा सिनेमा इटलीत 'उन कोल्पो आल्लितालियाना' या नावाने ओळखला जातो, तो याच अर्थाने.

चार वाक्यांचा फोन

आता हे सगळे शब्द एकाच ठिकाणी लावून पाहू. समजा, एका घरात फोन वाजतो आणि पलीकडून येणाऱ्या मित्राला घरातली व्यक्ती सांगते:

'प्रोंतो? सी, सोनो प्रोंता. आबितो आल तेर्त्सो प्यानो. साली प्यानो, इल बांबीनो दोर्मे. येरी सेइ एन्त्रातो दि कोल्पो ए मि आय फात्तो प्रेन्देरे उन कोल्पो.'

पहिलं 'प्रोंतो' एकटं आणि प्रश्नार्थक, म्हणजे हॅलो. दुसरं 'प्रोंता' आकारान्त आणि 'सोनो' म्हणजे 'मी आहे'च्या पुढे, म्हणून 'मी तयार आहे'. त्यातूनच कळतं की बोलणारी बाई आहे. पहिलं 'प्यानो' क्रमवाचक शब्दापुढे, म्हणजे तिसरा मजला. दुसरं 'प्यानो' क्रियापदाला चिकटलेलं, म्हणजे 'हळू वर ये'. पण सावकाश की आवाज न करता? हे ते दोन शब्द सांगत नाहीत. पुढचं वाक्य सांगतं: बाळ झोपलंय. म्हणजे पावलं न वाजवता. शेवटच्या वाक्यात 'दि कोल्पो' अचानक आणि 'उन कोल्पो' धसका: 'काल तू अचानक आत आलास आणि माझा जीवच घाबरा केलास.'

इथे तिन्ही शब्द प्रत्येकी दोनदा आले आणि दर वेळी वेगळ्या अर्थाने आले. त्यामुळे 'वर या शब्दाचा अर्थ अमुक होता, म्हणून इथेही तोच' हा नियम लावला असता, तर फोनच्या त्या चार वाक्यांत तीन वेळा चुकलो असतो.

अर्थात दरवेळी एवढी छोटी फट पुरत नाही. 'ओ कांबियातो प्यानो' या वाक्याचा अर्थ 'मी मजला बदलला' असाही होतो आणि 'मी बेत बदलला' असाही. वाक्यातला एकही शब्द निकाल देत नाही. बोलणारा हॉटेलच्या स्वागतकक्षाशी उभा आहे की प्रवासाचा आराखडा पुढ्यात घेऊन बसला आहे, हे पाहावं लागतं. वर्तमानपत्राच्या मथळ्यात नुसतं 'कोल्पो' दिसलं तर पान कुठलं आहे ते बघा. गुन्ह्यांच्या पानावर तो दरोडा, खेळाच्या पानावर तीच नव्या खेळाडूची खरेदी.

इटालियन शिकणाऱ्याने म्हणून वहीत एकेक शब्द आणि त्यापुढे अर्थांची रांग लिहून ठेवू नये. त्याऐवजी 'आल तेर्त्सो प्यानो', 'सोनो प्रोंता', 'दि कोल्पो', 'कोल्पो दि सोले' अशा जोड्या लिहाव्यात, आणि नवा अर्थ भेटला की त्याचे शेजारी त्याच्यासकट उतरवावेत. शब्दकोश उघडलात तर पहिला अर्थ वाचून थांबू नका. 'कोल्पो'सारख्या नोंदीत हवा तो अर्थ बहुधा खाली, वाक्प्रचारांच्या यादीत सापडतो.