दूध घालणारे किती आणि सभासद किती?

कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षातल्या मुली, गावात ज्यांना कृषिकन्या म्हणतात, त्या कार्यानुभवासाठी आल्या होत्या. त्यांना गावच्या दूध संस्थेवर सादरीकरण करायचं होतं. प्रश्नांची यादी तयार होती: संस्थेची स्थापना कधी झाली, उद्दिष्टं कोणती, सभासदांना कोणते फायदे मिळतात, अडचणी काय? या सगळ्यांची उत्तरं कार्यालयातल्या फलकावर आणि चेअरमनच्या तोंडावर असतात. दूध संस्थांचं लेखापरीक्षण करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून त्यांनी यादी मला दाखवली. मी म्हटलं, आधी सकाळच्या संकलनाला उभ्या राहा, मग प्रश्न लिहा.

गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, दूध मुख्यतः म्हशीचं. पहाटेपासून किटल्या घेऊन रांग लागते. दूध मापात ओतलं की काट्यावर आकडा उमटतो, नमुना घेतला जातो, यंत्र फॅट आणि एसएनएफ सांगतं आणि पावती निघते. पाहायला गेलं तर एका माणसाला फारसा वेळ लागत नाही. रांगेत बहुतेक बायका होत्या. एकीनं मुलींच्या लगेच लक्षात आणून दिलं, "दूध मी घालते, पण पावतीवर नाव मालकांचं येतंय."

सभासदत्वाचा खरा प्रश्न इथं सुरू होतो. संस्थेत सभासद किती, असं विचारलं तर एक आकडा मिळतो आणि सादरीकरणात तो छान दिसतो. त्याऐवजी सभासद नोंदवही आणि गेल्या महिन्याचं संकलन रजिस्टर शेजारी ठेवायला सांगावं. नोंदवहीत अशी नावं सापडतात ज्यांच्या गोठ्यात कित्येक वर्षं जनावर नाही, काही तर हयातही नाहीत. उलट रोज दूध घालणाऱ्यांत असे निघतात ज्यांचा शेअर नाही, म्हणून मतही नाही. सहकार कायद्यात एका सभासदाला एकच मत, मग शेअर कितीही असोत. पण ते मत मिळायला आधी नोंदवहीत यावं लागतं. सभासदत्वाच्या अर्जावर संस्थेनं तीन महिन्यांत निर्णय घ्यायचा असतो. म्हणून अर्जांची आवक नोंद मागावी. ती वहीच नसेल तर तेही एक उत्तर आहे.

कारभाराबद्दल मुलींनी 'निवडणूक कशी होते?' असं लिहिलं होतं. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षं, वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत, हे पुस्तकातही सापडतं. कोल्हापुरात विचारायचा प्रश्न ठरावाचा. जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत सामान्य उत्पादक मत देत नाही. प्रत्येक प्राथमिक संस्था ठराव करून एक प्रतिनिधी देते आणि हे ठरावधारक मतदान करतात. त्यामुळे शेकडो घरांचं मत एका माणसाच्या खिशात जातं. तो ठराव कोणत्या सभेत झाला, इतिवृत्तात कोणाची नावं सूचक आणि अनुमोदक म्हणून आहेत, एवढं वाचलं तरी गावात निर्णय कसे होतात ते बरंच कळतं.

पण मला त्यांना सगळ्यात जास्त वेळ काट्यापाशी थांबवायचं होतं, कारण रास्त भावाची चर्चा नेहमी दरपत्रकाभोवती फिरते. दर संघ ठरवतो, आंदोलनं त्यावरच होतात, आणि मापाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मुलींना मी एक आकडेमोड करायला लावली. समजा, संस्थेत 300 जण दूध घालतात आणि पावतीवर लिटरचा एकच दशांश येतो. एखादीचं दूध 2 लिटर 70 मिली असलं तर पावतीवर 2.0 लिटर येतं, वरचे 70 मिली गेले. कधी 10 मिली जातात, कधी 90. सरासरी 50 धरू. सकाळी 15 लिटर, संध्याकाळी 15 लिटर, दिवसाला 30 लिटर दूध संस्थेकडे कुणाच्याही नावावर न पडता जमा होतं. लिटरला 50 रुपये धरले तर वर्षाला 5 लाख 47 हजार 500 रुपये. जवळचा आकडा धरणारा काटा असेल तर वर-खाली होऊन हिशोब जुळतो. कायम खालचाच आकडा धरला तर वाढावा तयार होतो.

हा वाढावा चोरीच असतो असं मी म्हणणार नाही. हिशोबात तो उघड दिसू शकतो. सकाळी रजिस्टरला 900 लिटर खरेदी, संघाच्या पावतीवर 892 लिटर आणि गावातली किरकोळ विक्री 25 लिटर असेल, तर 17 लिटर जास्त कुठून आले हे लगेच कळतं. संघ वजनावरून लिटर काढत असेल तर किलोला 1.03 नं भागलंय का, तेवढं आधी पाहून घ्यावं. फॅटचीही तीच तपासणी: गावच्या रजिस्टरची सरासरी रोज संघाच्या पावतीपेक्षा कमी येत असेल, तर गावात फॅट कमी लावली जाते आहे. एखाद्या दिवसाचा फरक सोडून द्यावा. महिनाभर तो एकाच बाजूला असेल तर विचारावं.

चेअरमन म्हणाले, "अहो, ते पैसे दिवाळीला दर फरकात परत जातातच की!" बोलणं खोटं नव्हतं. मुलींनी पुढचा हिशोब वहीतच केला. रोज दोन्ही वेळचं मिळून 1,800 लिटर संकलन धरलं आणि वाढाव्याचे सगळे पैसे वाटले, तर लिटरमागे सुमारे 83 पैसे येतात. दोन्ही वेळा दोन-दोन लिटर घालणाऱ्या बाईचे वर्षात साडेछत्तीस लिटर, म्हणजे 1,825 रुपये कापले गेले होते. तिला परत मिळाले साधारण 1,217. दोन्ही वेळा वीस-वीस लिटर घालणाऱ्याचेही कापले गेले 1,825 रुपयेच, कारण कपात दर खेपेला होते, लिटरवर नाही. त्याला दर फरकात मिळाले सुमारे 12,167. एकाच म्हशीवर घर चालवणारी बाई मोठ्या गोठ्याच्या दिवाळीला हातभार लावते आणि कागदोपत्री सगळं नियमात असतं. शिवाय दर फरक फक्त सभासदांना मिळत असेल, तर शेअर नसलेल्याचं कापलेलं दूध कायमचंच गेलं.

यादीतली उद्दिष्टं आणि फायदे मुलींनी खोडून टाकले. त्यांच्या जागी आलं: दूध घालणाऱ्यांपैकी सभासद किती आणि त्यात बायका किती? संघाचा ठराव कोणत्या सभेत झाला? वर्षाचा वाढावा किती लिटर, आणि तो कोणत्या खात्यावर जमा आहे? दर फरक कोणाला, कशाच्या प्रमाणात वाटला?

काट्याचा प्रश्न त्यांनी सचिवांना तिथंच विचारला. "आमचा काटा दहा ग्रॅमचा आहे, बघा की," सचिवांनी दाखवलं आणि खरंच, पडद्यावर 2.07 लिटर दिसत होतं. पावती फाडून हातात दिली तेव्हा तिच्यावर 2.0 होतं. सचिवांनी चष्मा लावून दोन्हीकडे पाहिलं आणि संगणकाच्या प्रणालीत हे कुठून बदलतं ते विचारायला ती पुरवणाऱ्याला फोन लावला.