दोलकाचे चुकलेले उत्तर

साध्या दोलकाच्या प्रयोगात एक अडचण असते. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असते. गुरुत्व त्वरण ९.८ च्या आसपास यायला हवे, हे पुस्तकातच छापलेले असते. मग जर्नलमध्ये आधी उत्तर ठरते आणि त्याला जुळतील अशी रीडिंग्ज मागाहून लिहिली जातात. खरे तर या प्रयोगातली चुकलेली उत्तरेच जास्त बोलकी असतात, कारण प्रत्येक चूक उत्तराला आपापल्या दिशेने आणि आपापल्या मापाने ढकलते.

सामान मोजकेच लागते. स्टँडला चिरलेले बूच घट्ट बसवायचे, त्या चिरेत दोरा अडकवायचा आणि खाली धातूचा गोळा टांगायचा. दोरा खिळ्याला नुसता बांधला तर झोक्याबरोबर गाठ सरकते आणि दोलकाची लांबी बदलत राहते. बुचाच्या चिरेत तो एकाच बिंदूवर धरला जातो. गोळा थोडासा बाजूला नेऊन, धक्का न देता सोडायचा. तो मधल्या जागेवरून एका दिशेने जाऊन पुन्हा त्याच दिशेने तिथून गेला की एक दोलन पूर्ण होते. अशा २० दोलनांचा वेळ मोजायचा आणि २० ने भागून एका दोलनाचा काल T काढायचा. L ही दोलकाची लांबी. सूत्र असे:

g = 4π²L/T²

समजा बुचापासून गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत दोरा ९८.८ सेंटिमीटर आहे आणि गोळ्याचा व्यास २.४ सेंटिमीटर. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असल्याने त्रिज्या मिळवून L झाली बरोबर १ मीटर. २० दोलनांना ४०.२ सेकंद लागले, म्हणजे T २.०१ सेकंद. सूत्रात घातले की ९.७७ मिळतात. महाराष्ट्रात खरी किंमत ९.७९ च्या आसपास असते, तेव्हा हे उत्तर उत्तमच.

आता शेजारच्या टेबलावर १०.८ आले असेल तर? तिथे बहुधा मोजणीत गफलत झाली आहे. स्टॉपवॉच सुरू करतानाच ‘एक’ म्हटले की विसाव्या आकड्याला प्रत्यक्षात १९ च दोलने झालेली असतात. वेळ ३८.२ सेकंद भरतो, भागाकार मात्र २० ने होतो आणि उत्तर १०.८ वर जाते. म्हणून सुरुवात ‘शून्य’ म्हणून करायची.

९.६५ आले तर गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहिली आहे का, ते आधी पाहावे.

आणि थेट ८.५ आले, तर गोळा फार लांबून सोडला असावा. गॅलिलिओची समजूत होती की झोका लहान असो वा मोठा, वेळ तेवढाच लागतो. लहान झोक्यात ते जवळजवळ खरे आहे. गोळा जितका लांब, तितकी त्याला मध्याकडे ओढणारी शक्ती जास्त, त्यामुळे जास्तीचे अंतर तो जास्त वेगाने कापतो. पण मोठ्या कोनात ही ओढ त्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. ५ अंशांवर फरक जाणवतही नाही. ६० अंशांवरून सोडल्यास मात्र काल सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो आणि ४०.२ सेकंदांचे ४३ च्या पुढे जातात. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६७३ च्या आपल्या ग्रंथात हा दोष गणिताने सिद्ध केला आणि घड्याळासाठी त्यावर उपायही सुचवला.

बोटाची दिरंगाई वेगळी. स्टॉपवॉच दाबायला ०.२ सेकंदांचा उशीर झाला, तर ४० सेकंदांत तो अर्धा टक्का होतो. सूत्रात T चा वर्ग असल्यामुळे उत्तरात सुमारे एक टक्का. एकच दोलन मोजले असते, तर तोच उशीर कालात १० टक्के आणि उत्तरात जवळपास २० टक्के झाला असता. वीस दोलने मोजायची ती यासाठी. ही चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे, म्हणून मोजणी दोन-तीनदा करून सरासरी घेतली की ती निवळते.

त्रिज्येची चूक मात्र सरासरीने जात नाही, कारण ती दरवेळी तेवढीच असते. तिला आलेख पकडतो. दोरा ४०, ६०, ८० आणि १०० सेंटिमीटर घ्यायचा, गोळा मुद्दाम हिशेबात धरायचा नाही, आणि दोऱ्याच्या लांबीसमोर T चा वर्ग मांडायचा. रेषा सरळच येते, पण ती शून्यातून जात नाही. मागे वाढवली की ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या अलीकडे छेदते. मोजमापे काळजीपूर्वक केली असतील, तर ते अंतर गोळ्याच्या त्रिज्येएवढे भरते. रेषेचा चढ या चुकीने बदलत नाही, म्हणून त्यावरून काढलेले गुरुत्व त्वरण बरोबरच येते.